तावडेंच्या पत्राच्या शेवटच्या तीन ओळी

पेपरात नोकरी करते म्हटलं की लोक विचारतात, "मोठी मोठी माणसं भेटत असतील ना?" नाही हो! मी एका छोट्या मराठी दैनिकात वाचकांच्या पत्रांचं पान बघते. मला भेटतात पत्रलेखक. मोठी माणसं परवडली, ती भेटून निघून तरी जातात. पत्रलेखक पत्र छापून येईपर्यंत जात नाहीत आणि आल्यावर तर अजिबात जात नाहीत. त्यामुळे किस्से साठतात. रद्दीवाला पेपर नेतो, किस्से कोण नेणार?

गेल्या दोन वर्षांत माझ्या टेबलावर सर्वांत जास्त पत्रं कशावर आली असतील? खड्डे? पाणी? नाही. टीव्हीवरच्या राजकीय चर्चांमधल्या घाणेरड्या भाषेवर! सकाळी मेल उघडावा तर पहिलं वाक्य ठरलेलं: "महोदय, काल संध्याकाळी अमुक वाहिनीवरील चर्चा पाहून मान शरमेने खाली गेली." मान खाली गेली तर रिमोट दिसला नाही का, असं विचारावंसं वाटतं. पण पगार त्यासाठी मिळत नाही.

*

काळाचौकीला एका जुन्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी चार वाजता पत्रलेखकांचा कट्टा भरतो. मी जवळच राहते, म्हणून मला तिथे कायमचं आमंत्रण आहे. मान म्हणून नव्हे, शिव्या द्यायला कुणीतरी समोर हवं म्हणून. माझं तिथलं नाव 'कात्रीबाई'.

कट्ट्याची एक जुनी रीत आहे. ज्याचं पत्र छापून आलं, त्यानं दोन कागद आणायचे. एक आपण पाठवलेल्या मूळ पत्राची प्रत, दुसरं पेपरातलं कात्रण. आधी कात्रण वाचायचं, मग मूळ. कुठे काय कापलं ते सगळ्यांनी ऐकायचं आणि पेपराच्या नावानं बोटं मोडायची. आणि स्वतःचं पत्र स्वतः वाचायचं नाही. ज्याची पाळी असेल तो वाचणार. स्वतःचं वाचताना माणूस आवाज लावतो, असा त्यामागचा विचार.

सगळ्यांत जुने मेंबर तावडेकाका. गिरणीच्या टाइम ऑफिसात होते, गिरणी बंद पडल्यावर दादरच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागले. त्यांचे दोस्त कांबळे पोस्टातून रिटायर झालेले. दोघं एकाच चाळीतले, चाळीस वर्षं एकमेकांना 'तावड्या' आणि 'कांबळ्या' म्हणणारे. तावडेंच्या भिंतीवर कोकणातल्या गणपतीबाप्पाचं कॅलेंडर, कांबळेंच्या दारावर बाबासाहेबांचा फोटो, आणि दोघांच्या घरात कपबश्या कुणाच्या कोणत्या ते बायकांनाही सांगता येणार नाही.

एकदा मी पोचताच तावडे म्हणाले, "काय गो बाय, परत शेपूट कापलंस मा?"

"काका, तुम्ही दोनशे शब्दांच्या वर गेलात. पेपर नेहमी खालूनच कापतात. म्हणून सांगते, महत्त्वाचं ते पहिल्या ओळीत लिहा."

"हिला विचार, खालचं वाचून कापते की न वाचता!" कांबळे.

मी खरं तेच सांगितलं. न वाचता! कारण कुठल्याही पत्राचा शेवट मला पाठ आहे. 'तरी संबंधितांनी याची गंभीर दखल घ्यावी, ही नम्र विनंती.' तो कापला म्हणून आजवर एकाही संबंधिताचं काही बिघडलेलं नाही.

सगळे हसले. मीही हसले. तेव्हा.

*

गिरगावच्या पेडणेकरबाई कट्ट्यावर येतात. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चर्चेतल्या भाषेवर पत्र लिहिलं आणि पुराव्यादाखल आठवडाभरात ऐकलेले सगळे शब्द अनुक्रमे दिले. संपूर्ण. काना-मात्रेसह!

हे छापायचं कसं? आम्ही पहिलं अक्षर ठेवतो आणि पुढे फुल्या मारतो. माझा डीटीपी ऑपरेटर पत्र टाइप करता करता ओरडला, "मॅडम, फुल्या अक्षरागणिक मारू की अंदाजे?"

"अंदाजे मार रे."

पत्र छापून आलं. त्या दिवशी मला अकरा फोन आले. एकालाही भाषेच्या घसरणीचं दुःख नव्हतं. सगळ्यांना तिसरा शब्द कोणता ते हवं होतं. परळचे एक गृहस्थ तर म्हणाले, "पहिल्या दोन आल्या मला. तिसरीत तुमच्या फुल्या कमी पडतायत."

हा छळ इथे संपला असता. पण शनिवारी रितीप्रमाणे मूळ पत्र वाचायचं होतं. पाळी होती तावडेंची. तावडे प्रूफरीडर, एक अक्षर गाळणार नाहीत! त्यांनी खणखणीत आवाजात सगळी यादी वाचली. खिडक्या उघड्या होत्या. पलीकडच्या हॉलमध्ये बायकांचं भजनी मंडळ बसलं होतं. चौथ्या शब्दाला टाळ थांबले.

सोमवारी वाचनालयाच्या कमिटीचं पत्र आलं. 'आपल्या बैठकीत असभ्य भाषेचा वापर होत असल्याची तक्रार आली आहे. तरी संबंधितांनी याची गंभीर दखल घ्यावी.'

*

पक्षवाल्यांचा ताप वेगळाच. एका पत्रात वाचकानं एका पक्षाच्या प्रवक्त्याचं नाव घेऊन लिहिलं की हे गृहस्थ समोरच्या बाईंना एकेरीत आणि नको त्या शब्दांत बोलतात. नाव-पत्ता-फोन तपासून, कार्यक्रमाची क्लिप स्वतः बघून मी ते छापलं.

सकाळी दहाला त्या पक्षाच्या कार्यालयातून फोन. "फक्त आमचाच माणूस बोलतो का हो? बाकीचे काय आरत्या म्हणतात?"

त्याला समजावून फोन ठेवते तोच दुसऱ्या पक्षाचा फोन. म्हटलं, हे तरी आभार मानतील.

"मॅडम, आमचे प्रवक्ते त्याच चर्चेत होते. त्यांनी त्याच्या दुप्पट सुनावलं. त्यांचं नाव का नाही आलं?"

*

कांबळे एकदा वैतागून म्हणाले, "तावड्या, पेपरात लिहून काय होतं? पेपर टीव्ही बघत नाही आणि टीव्ही पेपर वाचत नाही. तक्रार करायची तर रीतसर करू." पोस्टातला माणूस, रीतसर या शब्दावर फार जीव!

रीत आहे, हे खरं. चॅनेलनं तक्रारीसाठी एक अधिकारी नेमलेला असतो. आधी त्याला लिहायचं. त्यानं पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. पटलं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत चॅनेलवाल्यांच्या स्वतःच्या नियामक मंडळाकडे अपील. त्यानंही समाधान नाही झालं तर थेट सरकारी समितीपर्यंत जाता येतं. मात्र तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि नेमकं आक्षेपार्ह काय, हे लिहावं लागतं.

इथे गाडी अडली. मग दोघं रोज संध्याकाळी सातच्या चर्चेला कांबळेंच्या घरी वही घेऊन बसायला लागले. तावडे शब्द लिहिणार, कांबळे घड्याळ बघून वेळ सांगणार. स्क्रीनवर सहा चौकटी, सहा तोंडं, सगळी एकदम उघडी. तावडे विचारायचे, "आता कोण म्हणाला?" कांबळे म्हणायचे, "खालचा डावा. नाही रे, वरचा. अरे, अँकरच म्हणाला की!"

आठ दिवसांनी पुरावा तयार झाला. कांबळेंच्या सुनेनं तो तिच्या मेलवरून पाठवला. बरोबर चौदाव्या दिवशी उत्तर आलं. 'कार्यक्रमात व्यक्त झालेली मते ही पाहुण्यांची वैयक्तिक आहेत. आपण आमचा कार्यक्रम नियमित पाहता, याबद्दल आभारी आहोत.'

ते उत्तर सुनेच्या मेलमध्ये स्पॅममध्ये पडून राहिलं. सापडलं तेव्हा अपिलाची मुदत उलटून चार दिवस झाले होते. रीतसर!

*

तेवढ्यात एका चॅनेलला पेडणेकरबाईंचं फुल्यांचं पत्र दिसलं. त्यांनी विषय काढला, 'चर्चांची भाषा घसरली आहे का?' आणि बाईंना जागरूक प्रेक्षक म्हणून बोलावलं. आदल्या दिवशी पाहुणे जमवणाऱ्या मुलीचा फोन. "मॅडम, व्हिडिओ कॉलवरून जॉइन व्हा. फक्त जरा अॅग्रेसिव्ह बोला हं. शांत बोललात तर तुमच्यावर कॅमेरा येत नाही."

बाई नऊवारी नेसून, मागे पुस्तकांचं कपाट येईल असं बसून तयार. आम्ही सगळे तावडेंकडे टीव्हीसमोर. चर्चा सुरू झाली आणि चौथ्या मिनिटाला भाषेची घसरण या विषयावर दोन प्रवक्ते एकमेकांची आई-बहीण काढायच्या बेतात आले. कोपऱ्यातल्या चौकटीत बाई हात वर करून बसल्या होत्या. पूर्ण चाळीस मिनिटं! हात दुखायला लागला की बदलायच्या. त्यांचा आवाज स्टुडिओतून बंद ठेवला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटी अँकर म्हणाला, "पेडणेकर मॅडम, दहा सेकंद आहेत, पटकन!"

आवाज सुरू झाला आणि बाई म्हणाल्या, "आधी सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवा."

खरं सांगते, दोन सेकंद सहाही चौकटी गप्प झाल्या. एका प्रवक्त्याचं बोट तर अर्ध्या वाटेपर्यंत गेलं. मग जाहिराती लागल्या.

*

आता हसू येणार नाही असं सांगते.

त्या वहीची सवय सुटली नाही. तक्रार मेली, पण सातची चर्चा दोघं कांबळेंच्या घरी बघतच राहिले. आधी टीव्हीला शिव्या घालायचे. मग हळूहळू, तावडे एका चौकटीच्या बाजूनं आणि कांबळे दुसऱ्या. चाळीतले लोक म्हणायचे, यांच्या घरात टीव्ही दोन लागतात. आणि एका गुरुवारी काहीतरी झालं. तावडे सव्वासातलाच उठून चपला घालून निघून गेले. काय झालं, ते दोघांपैकी कुणी सांगेना. कांबळेंची सून विचारलं की डोळ्यांत पाणी आणायची आणि आत जायची.

पुढच्या शनिवारी कांबळे कट्ट्यावर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. रस्त्यात भेटले तर मी म्हटलं, "काका, तावडेकाका वाट बघतात."

"श्रीयुत तावडे यांना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले.

श्रीयुत! चाळीस वर्षं 'तावड्या' म्हणणारा माणूस! तावडे तर खंगलेच. चहा अर्धा टाकायचे. वाचनाची त्यांची पाळी आली तर मध्येच ओळ चुकायचे, छापखान्यातला माणूस! त्यांच्या चाळीत गेले तर तावडेकाकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "गो, ह्येंका जेवण जाणा नाय. त्या मेल्या टीव्हीन घर खाल्ल्यान." मला त्या चॅनेलचा, त्या अँकरचा, त्या सहा तोंडांचा असा संताप आला! आपलं दुकान बंद करून हे सगळे एकत्र चहाला जातात आणि इथे दोन म्हातारे एका जिन्यावरून जाताना भिंतीकडे बघतात.

पाच आठवडे गेले. मग तावडेंचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं, कागदाच्या एकाच बाजूला, खाली नाव, पत्ता, फोन. विषय तोच, चर्चांची भाषा. मी घाईत वरून वाचायला घेतलं. पत्र चांगलं होतं. लिहिलं होतं की शिवी निदान शिवी म्हणून ओळखता येते. त्याहून विषारी आहे तो पांढरपेशा प्रश्न, 'तुझी लायकी काय?' रोज संध्याकाळी तो इतक्यांदा कानावर पडतो की तोंडात बसतो. पुढे होतं, 'ज्या घरी मी चाळीस वर्षे चहा प्यालो, त्या घरातही गेल्या महिन्यात हाच प्रश्न विचारला गेला.'

इथपर्यंत आले आणि जाहिरात विभागाचा फोन. लालबागच्या कुठल्याशा टॉवरची जाहिरात आली आहे, माझ्या पानावरून तीन इंच द्या. सव्वासहा वाजलेले, पान साडेसहाला सोडायचं. मी चारही पत्रांना खालून कात्री लावली. तावडेंच्या पत्राच्या शेवटच्या तीन ओळी गेल्या. न वाचता. मला शेवट पाठ असतात ना!

पत्र छापून आलं. शनिवारी मी कट्ट्यावर गेले. तावडे मूळ प्रत आणि कात्रण घेऊन बसले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पेडणेकरबाई डायरीत पाळी बघत होत्या, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

कांबळे. हातात आमचा पेपर.

"श्रीयुत तावडे," ते म्हणाले. "माझ्या घरात लायकी विचारली जाते, असं तुम्ही पेपरात लिहिलंत? माझ्या घरात? आणि कुणी विचारली ते नाही लिहिलंत? सबंध चाळीला ठाऊक आहे तुम्ही चहा कुणाच्या घरी प्यालात चाळीस वर्षं!"

तावडे उभे राहिले. त्यांनी फक्त मूळ प्रत पुढे धरली.

मला कळलं. 'लायकी काय' हा प्रश्न एका तावडेनं दुसऱ्या तावडेला विचारला तर भांडण होतं. तावडेनं कांबळेला विचारला तर त्यात काय काय येतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. आणि ज्या तीन ओळी मी कापल्या, त्या वाचल्या असत्या तर!

पेडणेकरबाई मात्र मुख्याध्यापिका. डायरी मिटून म्हणाल्या, "कांबळे, पाच आठवडे गैरहजर आहात. वाचायची पाळी तुमची राहिली आहे. बसा आणि मूळ वाचा."

"मी नाही वाचणार."

"रीत आहे."

रीत म्हटल्यावर पोस्टातला माणूस बसला. खिशातून चष्मा काढला. कागद लांब धरून कोरड्या आवाजात वाचायला लागले. महोदय. वृत्तवाहिन्यांवरील. शिवी निदान शिवी. ज्या घरी मी चाळीस वर्षे चहा प्यालो, त्या घरातही गेल्या महिन्यात हाच प्रश्न विचारला गेला.

तिथे कात्रण संपत होतं. कागद संपत नव्हता. कांबळेंनी पुढे वाचलं.

"तो प्रश्न मी विचारला. मित्राला विचारला, त्याच्या घरात बसून, त्याच्या सुनेसमोर, आणि त्याच्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे त्यांच्यासमोर. टीव्हीला दोष देऊन मला सुटता येणार नाही, तोंड माझे होते. मी त्याची जाहीर माफी मागतो."

पलीकडे टाळ वाजत होते. तावडे जमिनीकडे बघत उभेच होते, दोन्ही हात पाठीमागे, शिक्षा झाल्यासारखे. मला म्हणायचं होतं की ती कात्री माझी, चूक माझी.

कांबळेंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. शेवटच्या तीन ओळी पुन्हा एकदा वाचल्या, मनात. मग खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, कोरा कागद ओढून टेबलावर तावडेंच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले,

"तावड्या, चाळीस वर्षं पत्रं लिहितोस. हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं."